कानाला कळेल अशी सूचना: पतसंस्थेच्या अ‍ॅपमधला एक मेसेज उलगडून

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या अँड्रॉइड अ‍ॅपवरून सभासदांना व्यवहाराच्या सूचना मराठीत जातात. एका दृष्टिहीन सभासदांनी सांगितलं की सूचना येते, फोन बोलतो, पण पैसे आले की गेले ते कळत नाही. कधी कधी तर एकाच व्यवहारासाठी फोन बोलतच राहतो. कोडमध्ये contentDescription घालायचं राहिलंय का? की मजकूरच बदलावा लागेल? आणि बदलायचा तर कसा?

उत्तर:

मजकूरच बदलावा लागेल, आणि कोडमध्ये एकदोन ओळी. `contentDescription` इथे कामाचं नाही. ते तुमच्या अ‍ॅपच्या स्वतःच्या पडद्यावरच्या बटणांना आणि चित्रांना लागतं. सूचना तुमच्या पडद्यावर नसते. तुम्ही शीर्षक आणि मजकूर अँड्रॉइडच्या हवाली करता आणि पुढचं सगळं सिस्टीम मांडते. सूचना आली की पडदा बोलून दाखवणाऱ्या टॉकबॅकला तशी खबर जाते आणि तो ती वाचतो. म्हणजे तुमच्या हातात फक्त अक्षरं आहेत: कोणते शब्द, कोणत्या क्रमाने.

`setTicker` नावाची एक जागा आहे खरी. अँड्रॉइड ५ पासून तो मजकूर पडद्यावर दिसत नाही, फक्त सहाय्यक सेवांकडे जातो. तिथे "अंधांसाठी वेगळा" मजकूर भरायचा मोह डेव्हलपरना हमखास होतो. माझा सल्ला, भरू नका. सूचना आली तेव्हा फोन एक बोलला, नंतर सूचनांची यादी उघडून बोट ठेवलं तर दुसरंच बोलला, आणि शेजारी बसलेल्या मुलाने वाचून दाखवलं ते तिसरंच, असं झालं की माणूस तिन्हींवर अविश्वास दाखवतो. शिवाय सहा महिन्यांनी कोणी मजकूर बदलतं आणि टिकर तसाच जुना राहतो. एकच मजकूर लिहा, दोघांना चालेल असा. कानाला सोपा मजकूर डोळ्यालाही सोपाच जातो, उलटं मात्र नेहमी खरं नसतं.

आता तो ऐकला कसा जातो ते सांगतो, कारण सगळे नियम त्यातूनच येतात. मी स्वतः रोज टॉकबॅक वापरतो आणि लोकांची अ‍ॅप्स तपासतो. सूचना दोन वेळा ऐकली जाते. पहिली वेळ ती येते तेव्हाची. त्या क्षणी माणूस दुसरं काही करत असतो, मेसेज वाचत असतो नाहीतर नंबर शोधत असतो. टॉकबॅक सूचना बोलू लागतो, पण बोट दुसऱ्या गोष्टीवर सरकलं की चालू बोलणं तुटतं आणि नव्या गोष्टीचं वाचन सुरू होतं. म्हणून येतानाची सूचना बहुतेक वेळा अर्धीच ऐकू येते. दुसरी वेळ म्हणजे माणूस मुद्दाम सूचनांची यादी उघडून एकेकीवर थांबतो तेव्हाची. तिथे सिस्टीम अ‍ॅपचं नाव आणि वेळही सांगते, म्हणून संस्थेचं नाव तुम्ही शीर्षकात पुन्हा लिहायची गरज नाही. लिहिलंत तर ऐकणाऱ्याला तेच नाव दोनदा ऐकून मग मुद्द्यावर यावं लागतं.

अर्धीच ऐकू येणारी सूचना आणि मराठी वाक्यरचना यांचं मात्र वाकडं आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. "आपल्या बचत खात्यातून वीज बिलासाठी अमुक रुपयांचा भरणा यशस्वीरीत्या होऊ शकला नाही" हे वाक्य ऐकताना बोट "यशस्वीरीत्या" शब्दावर हललं, तर माणूस बिल भरलं असं समजून मोकळा होतो. लिहिणाऱ्याला पूर्ण वाक्य एका नजरेत दिसतं, त्यामुळे त्याला यात धोका दिसत नाही. म्हणून सूचनेच्या शीर्षकात पूर्ण वाक्य लिहिण्याचा आग्रह सोडा. आधी काय झालं, मग किती, मग कशासाठी. व्याकरण थोडं तुटलं तरी चालेल. वर्तमानपत्राचे मथळे आपण असेच वाचतो.

तुमच्या सभासदांना जाणारी सूचना साधारण अशी असेल. बहुतेक संस्थांची अशीच असते, कारण जुन्या एसएमएसचा नमुना उचलून अ‍ॅपमध्ये चिकटवलेला असतो:

```
शीर्षक: व्यवहार सूचना
मजकूर: मा. सभासद, आपले खा.क्र. XXXXXX4521 मध्ये
दि. 05/03/25 रोजी रु. 1,250.00/- नावे टाकण्यात आले
आहेत. Ref: 506412345678. शिल्लक रु. 18,430.50/- ✅🙏
```

हे कानावर कसं पडतं पाहा. शीर्षकात काहीच नाही, सूचना आहे हे टोनवरून कळलेलंच आहे. मग "मा" आणि तिथे पूर्णविराम समजून एक थांबा, "सभासद", "आपले खा", थांबा, "क्र", थांबा, आणि त्यानंतर "एक्स एक्स एक्स एक्स एक्स एक्स चार हजार पाचशे एकवीस". ऐकणाऱ्याला वाटतं चार हजार पाचशे एकवीस रुपये. पुढे तारखेतली तिरकी रेघ फोनला लावलेले काही वाचणारे आवाज गाळतात, काही तिचं नाव घेतात, आणि पाच मार्च की तीन मे हे दोन्हीतून कळत नाही. मग रक्कम, तिच्या मागे "पॉइंट शून्य शून्य", आणि `/-` ची गंमत. चेकवर कोणी पुढे आकडा वाढवू नये म्हणून आलेली ही खूण, फोनवर कोणी आकडा वाढवत नाही, तरी ती इथवर येऊन पोचली आहे. "नावे टाकण्यात आले" हा शब्दप्रयोग तुमच्या कॅशियरला स्वच्छ कळतो, पण सभासद खातेवहीच्या भाषेत विचार करत नाही. संदर्भ क्रमांक बारा आकडी. तो सलग लिहिला की बरेच आवाज त्याला एक संख्या मानतात आणि अब्ज, कोटी, लाख करत सुटतात. आणि सगळ्यात शेवटी शिल्लक, त्यानंतर बरोबरच्या खुणेचं आणि जोडलेल्या हातांचं नाव, कारण इमोजीही नावाने वाचली जातात.

म्हणजे एवढ्या मोठ्या सूचनेत ऐकणाऱ्याला हव्या असलेल्या गोष्टी दोन, पैसे गेले हे आणि किती गेले हे, आणि त्या दोन्ही तिसऱ्या ओळीत. तोवर बोट हललेलं असतं.

हीच सूचना मी अशी लिहीन:

```
शीर्षक: खर्च 1250 रुपये, वीज बिल
मजकूर: बचत खात्यातून. 5 मार्च, संध्याकाळी 6:40.
उलगडल्यावर: बचत खात्यातून 1250 रुपये वीज बिलासाठी
गेले. 5 मार्च, संध्याकाळी 6:40. खात्याचे शेवटचे
आकडे 4 5 2 1. शिल्लक 18430 रुपये 50 पैसे.
```

यातली प्रत्येक निवड मुद्दाम केलेली आहे. संदर्भ क्रमांक सूचनेत नाहीच. तो तक्रार करताना लागतो, तेव्हा तो अ‍ॅपमधल्या पावतीवर कॉपी करता येईल असा ठेवा. खात्याचे आकडे मोकळे सोडले आहेत, त्यामुळे "चार पाच दोन एक" असं वाचलं जातं. ज्या सभासदाचं एकच खातं आहे त्याला तेही सांगायची गरज नाही, "बचत खाते" पुरतं. पैसे शून्य असतील तिथे दशांश लिहायचाच नाही. रुपयाचं चिन्ह किंवा "रु." न लिहिता आकड्यानंतर "रुपये" हा पूर्ण शब्द, कारण चिन्ह प्रत्येक आवाज वेगळ्या तऱ्हेने हाताळतो आणि संक्षेपातला टिंब वाक्य तोडतो. "मा.", "दि.", "क्र." यांना त्याच कारणाने रजा. सन्मान कमी होतो असं तुमच्या संचालक मंडळातलं कोणी म्हणेल. त्यांना डोळे मिटून जुनी सूचना एकदा ऐकवा.

शीर्षकात "वजा" न लिहिता "खर्च" का, हे विचाराल. टॉकबॅक रोज वापरणारे लोक आवाजाचा वेग बराच वाढवून ऐकतात. त्या वेगात "जमा" आणि "वजा" एकमेकांच्या फार जवळ येतात: दोन अक्षरी, दोन्हींत ज, दोन्हींचा शेवट आकारान्त. बाजारात, बसमध्ये, फोनच्या बारीक स्पीकरवर ऐकताना तर विचारूच नका. "यशस्वी" आणि "अयशस्वी" यांच्यात तर सगळा फरक सुरुवातीच्या एका ऱ्हस्व अ चा, आणि बोलण्याचा पहिला तुकडाच सूचनेच्या टोनखाली दबतो. ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत, त्यांचे शब्द पहिल्या अक्षरापासून वेगळे हवेत. म्हणून मी तीन शब्द ठरवून घेतो: पैसे आले तर "जमा", गेले तर "खर्च", काम झालं नाही तर "फेल". फेल शुद्ध मराठी नाही हे मान्य, पण तुमचे सभासद काउंटरवर येऊन "पेमेंट फेल झालं" असंच म्हणतात. स्वतःच्याच मुदत ठेवीत पैसे वळवले तर "खर्च" म्हणणं चुकीचं ठरेल, तिथे "ठेवीत 5000 रुपये" लिहा. एकदा शब्द ठरले की ते कधीच बदलू नका. ऐकणारा दोन आठवड्यांत पहिल्या अक्षरावरून सूचना ओळखू लागतो.

न झालेल्या व्यवहाराची सूचना सगळ्यात काळजीने लिहायची असते:

```
शीर्षक: फेल, वीज बिल 1250 रुपये
मजकूर: पैसे खात्यातच आहेत. बिल पुन्हा भरा.
```

"पैसे वजा झालेले नाहीत" यापेक्षा "पैसे खात्यातच आहेत" हे अर्धं ऐकलं तरी उलटा अर्थ देत नाही. अट एकच, तुमच्या सर्व्हरला ते नक्की माहीत असलं पाहिजे. यूपीआयचे काही व्यवहार मध्येच लटकतात. तेव्हा "फेल" लिहू नका, "थांबले, वीज बिल 1250 रुपये" लिहा आणि खाली "निकाल आला की कळवू. तोवर पुन्हा भरू नका." इथे नकार शेवटाकडे आलाच, टाळता येत नाही. पण "निकाल आला की कळवू" आधी ऐकल्यामुळे माणूस घाईने दुसऱ्यांदा बिल भरत नाही.

आकडे अक्षरांत लिहावेत का, असं मला नेहमी विचारलं जातं. नाही. तुमच्या सूचनेला भाषेचा शिक्का नसतो, ती ऐकणाऱ्याच्या फोनवर जो आवाज लावलेला असेल त्यात वाचली जाते. मराठी सभासदाच्या फोनवर मराठी आवाज असेलच असं धरू नका. गुगलच्या इंजिनात मराठी आवाज आहे, ई-स्पीक एनजीमध्येही आहे आणि आयफोनवर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून आहे. तरी बरेच जण सवयीने हिंदी आवाज वापरतात, त्यातही ज्यांनी फोन शिकला तेव्हा मराठी आवाज नव्हता ते तर नक्कीच. हिंदी आवाज देवनागरी मराठी वाचतो, उच्चार थोडे हिंदी वळणाचे होतात, पण समजतं. 1250 हा आकडा तो हिंदीत सांगतो आणि ऐकणाऱ्याला तेच सवयीचं असतं. तुम्ही "बाराशे पन्नास" अक्षरांत लिहिलंत तर त्याला ओळखीचा आकडा अनोळखी उच्चारात ऐकावा लागतो. आकडे 1, 2, 3 असेच ठेवा. देवनागरी अंक मला छापील मजकुरात आवडतात, पण काही इंग्रजी आवाज ते सरळ गाळून टाकतात आणि व्यवहाराच्या सूचनेत रक्कम गळणं परवडणारं नाही.

ज्यांनी केवळ इंग्रजी आवाज ठेवला आहे त्यांच्याकडे देवनागरी मजकूरच गळू शकतो किंवा तुटक ऐकू येतो. यावर मजकूर लिहून इलाज नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये "सूचनांची भाषा" अशी निवड द्या, पडद्याच्या भाषेपासून वेगळी, आणि खातं उघडताना ती विचारा. मराठी वाक्यात रोमन लिपीतले शब्द पेरणं हा मात्र मधला मार्ग नव्हे. `A/C`, `Txn`, `Ref` ही रूपं धड कुठल्याच आवाजात नीट येत नाहीत.

रकमेतला स्वल्पविराम हा छोटा मुद्दा आहे, पण सांगून ठेवतो. 1,25,000 हे आपलं लाखाचं गट पाडणं मराठी आणि हिंदी आवाज साधारण ओळखतात. परदेशी धाटणीचे इंग्रजी आवाज कधी कधी त्याचे तुकडे करतात: "एक, पंचवीस, शून्य शून्य शून्य". शीर्षकात स्वल्पविरामाशिवाय लिहा. 125000 डोळ्याला मोजायला त्रासाचं जातं हे खरं, त्यामुळे उलगडलेल्या मजकुरात आणि पावतीवर स्वल्पविराम ठेवायला माझी हरकत नाही.

ओटीपी मात्र वेगळा. तिथे आकडे मोकळे सोडले तर वाचन छान होतं, पण फोन ओटीपी आपोआप ओळखून भरतो ती सोय सलग आकड्यांवर चालते. दृष्टिहीन माणसाला ती सोय स्पष्ट वाचनापेक्षा जास्त मोलाची आहे, कारण मुदत संपायच्या आत दोन अ‍ॅपांमध्ये ये-जा करावी लागत नाही. ओटीपी सलगच ठेवा, पण मेसेजच्या सुरुवातीला ठेवा. "कोणालाही सांगू नका" नंतर.

आता फोन बोलतच का राहतो ते. माझा अंदाज असा की तुमचा सर्व्हर एका व्यवहारासाठी "विनंती मिळाली", "प्रक्रिया सुरू", "बँकेकडे पाठवले", "पूर्ण" अशा चार पायऱ्या पाठवतो आणि अ‍ॅप प्रत्येकीला नवा क्रमांक देऊन नवी सूचना करतं. पाहणाऱ्याला यादीत चार ओळी दिसतात, तो एका झटक्यात चारी पुसतो. ऐकणाऱ्याला चारही ऐकाव्या लागतात. तपासायला सोपं आहे: एक व्यवहार करा आणि सूचनांची यादी उघडा. एकाच व्यवहाराच्या एकाहून जास्त ओळी असतील तर हेच कारण.

उपाय असा की एका व्यवहाराला एकच क्रमांक द्यायचा आणि मधल्या पायऱ्यांनी तीच सूचना गुपचूप बदलायची. त्यासाठी `setOnlyAlertOnce(true)` आहे. ती सूचना यादीत आधीच असेल तर मजकूर बदलतो, पण आवाज, कंपन आणि टॉकबॅककडे जाणारी खबर पुन्हा होत नाही. पण इथे एक खड्डा आहे. बरेच डेव्हलपर हा झेंडा सगळीकडे लावून टाकतात आणि मग शेवटचा निकालही गुपचूप येतो. माणूस "थांबले" ऐकून बसून राहतो. निकालाच्या वेळी झेंडा काढायचा:

```kotlin
fun suchana(ctx: Context, v: Vyavahar) =
  NotificationCompat.Builder(ctx, "vyavahar")
    .setSmallIcon(R.drawable.ic_vyavahar)
    .setContentTitle(v.shirshak)
    .setContentText(v.majkur)
    .setStyle(NotificationCompat.BigTextStyle()
      .bigText(v.purnaMajkur))
    .setOnlyAlertOnce(!v.nikalAala)
    .build()
```

`notify` करताना क्रमांक व्यवहारावरून काढा, वेळेवरून नको. आणि `bigText` मध्ये पूर्ण माहिती पुन्हा लिहा, कारण सूचना उलगडली की तो मजकूर `contentText` च्या जागी येतो, त्याला जोडून येत नाही. "उरलेला भाग" म्हणून फक्त शिल्लक लिहिलीत तर उलगडल्यावर बाकीचं गायब.

चॅनेलबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक सूचनेला चॅनेल लागतं आणि चॅनेलला महत्त्वाची पातळी असते. जाहिराती, सभेच्या नोटिसा, सणांच्या शुभेच्छा यांच्यासाठी `IMPORTANCE_LOW` ठेवलं की फोन वाजत नाही. पण टोन बंद म्हणजे वाचन बंद, असं नाही. नवी सूचना पहिल्यांदा आली की टॉकबॅक ती तरीही बोलतो. खरोखर न बोलणारी सूचना हवी तर `IMPORTANCE_MIN`. शुभेच्छा तिथे टाका. आणि व्यवहाराचं चॅनेल वेगळंच ठेवा, नाहीतर शुभेच्छांना कंटाळून सभासद सगळंच बंद करतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

शिल्लक शीर्षकात किंवा छोट्या मजकुरात नको, याचं कारण लांबी एवढंच नाही. पाहणाऱ्याची सूचना फक्त त्यालाच दिसते, ऐकणाऱ्याची सूचना एसटीच्या बाकावरच्या तिघांना ऐकू जाते. इअरफोन नेहमी लावता येत नाही, रस्त्यावरून चालताना तर कानच मोकळे ठेवावे लागतात. त्यामुळे आपणहून बोललं जाणारं आणि मागितल्यावर सांगितलं जाणारं अशी विभागणी करा. रक्कमसुद्धा काहींना मोठ्याने नको असते. त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये "सूचनेत रक्कम सांगू नका" अशी एक निवड ठेवा, आणि लॉक पडद्यासाठी `VISIBILITY_PRIVATE` लावून `setPublicVersion` मध्ये "खर्च झाला, पतसंस्था खाते" इतकंच द्या. ही सार्वजनिक आवृत्ती न लिहिता सोडली तर लॉक असताना सिस्टीम मजकूर झाकते आणि माणसाला फक्त काहीतरी आलंय एवढंच कळतं.

सभासद अ‍ॅप उघडून बिल भरत असेल, तर निकाल सूचनेवर सोडू नका. तो पडद्यावरच येतो आणि टॉकबॅकला तो बदल आपोआप कळत नाही, माणूस फिरत्या चक्रावर बोट ठेवून बसतो. निकालाच्या ओळीला लाइव्ह रीजन करा, म्हणजे ती बदलली की आपोआप वाचली जाईल: जुन्या पद्धतीत `android:accessibilityLiveRegion="polite"`, कंपोजमध्ये `liveRegion = LiveRegionMode.Polite`. `announceForAccessibility` वापरत असाल तर काढा, अँड्रॉइड १६ मध्ये ते बाद ठरवलं आहे. वेबसाइटवर तेच काम `role="status"` करतं. तिथे रिकामा डबा पानावर आधीपासून हवा आणि निकाल आल्यावर त्यात फक्त मजकूर टाकायचा. डबा आणि मजकूर एकदम पानावर आणला तर स्क्रीन रीडर बरेचदा गप्प राहतो आणि डेव्हलपर म्हणतो की ओळ तर दिसतेय. `role="alert"` चालू बोलणं मध्येच तोडतं, ते फक्त "फेल" साठी राखून ठेवा. निकाल दोन सेकंदांत गायब होणाऱ्या पट्टीत देऊ नका. द्यायचाच असेल तर पट्टी किती वेळ ठेवायची ते `getRecommendedTimeoutMillis` ला विचारा, कारण सभासदाने फोनच्या सेटिंगमध्ये जास्त वेळ मागितलेला असू शकतो.

तपासणी अशी करा. दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक सुरू होतो; पहिल्यांदा त्याची परवानगी द्यावी लागते. त्याच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये `Display speech output` आहे, ते लावलं की बोललेला मजकूर पडद्यावर दिसतो. क्रम आणि पुनरुक्ती पकडायला ते उत्तम. पण ते आवाजाकडे पाठवलेला मजकूर दाखवतं, निघालेला उच्चार नाही. तिथे `/-` जसंच्या तसं निरुपद्रवी दिसतं. म्हणून त्यावर थांबू नका, ऐका. एकदा मराठी आवाजात, एकदा हिंदीत, एकदा भारतीय इंग्रजीत. मग वेग वाढवा आणि ज्याने हा मजकूर लिहिलेला नाही अशा कोणालातरी ऐकवा, वसुली विभागातला माणूसही चालेल. जमा, खर्च, फेल आणि थांबले या चारही सूचना उलटसुलट क्रमाने पाठवा, प्रत्येक वेळी पहिल्या दोन शब्दांनंतर दोन बोटांनी पडद्यावर टकटक करून बोलणं थांबवा आणि विचारा, काय झालं? चारही वेळा बरोबर उत्तर आलं तर शब्द ठरले. एकदाही गोंधळ झाला तर वेग कमी करून पुन्हा ऐकवू नका, शब्द बदला.

आणि ज्या सभासदांनी तक्रार केली त्यांना नव्या सूचना आधी पाठवा, बाकीच्यांना नंतर. त्यांच्या फोनवर कोणता आवाज आणि किती वेग लावलेला आहे ते विचारून घ्या, पुढच्या प्रत्येक बदलाची पहिली चाचणी त्याच जोडीवर करता येईल.